आठशे त्र्याण्णव रुपयांचा फरक: दर सहा महिन्यांनी व्याजदर बदलणाऱ्या बचत खात्याचा तीन वर्षांचा हिशेब

एप्रिल २०२५ च्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या वहिनी पासबुक आणि त्यांच्या मुलाने संगणकावर करून छापलेला एक कागद घेऊन आल्या. बँकेने तीन वर्षांत आपल्याला ८९३ रुपये कमी व्याज दिले आहे, असे त्या कागदाचे म्हणणे होते आणि त्यासोबत शाखाधिकाऱ्यांना द्यायचा अर्जही तयार होता. "भाऊ, रक्कम मोठी नाही, पण चूक असेल तर ती सगळ्यांच्याच खात्यात असेल ना?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. माझी नोकरी बँकेच्या हिशेब खात्यात गेली असल्यामुळे त्यांनी अर्ज देण्यापूर्वी तो मला दाखवला होता. पासबुक ठेवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत सगळे व्याज पुन्हा मांडले.

खाते एका नागरी सहकारी बँकेत आहे. बँकेचे संचालक मंडळ बचत खात्याचा दर वर्षातून दोनदा, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरपासून लागू होईल अशा रीतीने ठरवते आणि शाखेतल्या फलकावर लावते. शिल्लक कितीही असली तरी दर एकच असतो, त्यामुळे टप्प्यांचा गुंता या प्रकरणात नाही. वहिनींनी १ एप्रिल २०२२ रोजी ४,००,००० रुपये भरून हे खाते उघडले. जमिनीच्या वाटणीतून आलेली ही रक्कम केव्हाही लागेल म्हणून त्यांनी ती मुदत ठेवीत घातली नव्हती. तीन वर्षांत या खात्यात व्याजाखेरीज दोनच व्यवहार झाले: १० ऑक्टोबर २०२३ रोजी मुलीच्या घराच्या बांधकामासाठी १,५०,००० रुपये काढले, आणि १० ऑक्टोबर २०२४ रोजी मुलीने परत दिलेले तेवढेच रुपये पुन्हा भरले.

सहा अर्धवर्षांचे दर अनुक्रमे ३.००, ३.५०, ४.००, ४.५०, ४.०० आणि ३.५० टक्के असे होते, म्हणजे दर आधी चढत गेला आणि मग उतरला. पूर्वी हा प्रश्न उद्भवत नसे, कारण बचत खात्याचा दर रिझर्व्ह बँकच ठरवत असे आणि तो वर्षानुवर्षे हलत नसे. मार्च २००३ पासून मे २०११ पर्यंत तो ३.५० टक्क्यांवर होता, ३ मे २०११ पासून ४ टक्के झाला, आणि २५ ऑक्टोबर २०११ पासून तो ठरवण्याची मोकळीक बँकांना मिळाली. तेव्हापासून पासबुकातले व्याज पडताळायचे तर मुद्दल आणि दिवस यांच्या जोडीला कोणत्या दिवशी कोणता दर होता हेही हाताशी असावे लागते. वहिनींचा मुलगा नेमका इथे चुकला होता, पण त्याची चूक वाटते तितकी ढोबळ नव्हती, म्हणूनच ती उलगडून पाहण्यासारखी आहे.

त्याची रीत अशी होती. सहा दरांची सरासरी ३.७५ टक्के येते. व्याज दर तिमाहीला जमा होते, म्हणून त्याने ४,००,००० रुपयांवर ३.७५ टक्के दराने बारा तिमाहींचे चक्रवाढ व्याज धरले आणि तीन वर्षांअखेरची शिल्लक ४,४७,३९४ रुपये काढली. मग दीड लाख रुपये एक वर्ष खात्यात नव्हते, म्हणून दीड लाखांवर ३.७५ टक्क्यांनी वर्षाचे होणारे ५,६२५ रुपये त्यातून वजा केले. उत्तर आले ४,४१,७६९. पासबुकात ३१ मार्च २०२५ ची शिल्लक आहे ४,४०,८७६. वजाबाकी ८९३.

आता बँकेची रीत. रोज व्यवहार बंद झाल्यावर खात्यात जी शिल्लक उरते ती त्या दिवसाची शिल्लक. तिमाहीतल्या सगळ्या दिवसांच्या शिलकांची बेरीज केली की तिला आम्ही बँकेत प्रॉडक्ट म्हणत असू. त्या बेरजेला दराने गुणून ३६५०० ने भागले की तिमाहीचे व्याज येते, ते जवळच्या पूर्ण रुपयात घेऊन तिमाहीच्या शेवटच्या दिवशी जमा होते आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःही व्याज मिळवू लागते. मुलाने त्याच्या कागदात पुढे हेच सूत्र घातले, ते असे, आणि त्यात B रकान्यात तिमाहीचे प्रॉडक्ट आणि C रकान्यात त्या तिमाहीचा दर आहे:

```
=ROUND(B2*C2/36500,0)
```

पहिली तिमाही सोपी आहे. १ एप्रिल ते ३० जून २०२२ हे ९१ दिवस खात्यात ४,००,००० रुपये पडून होते आणि दर ३ टक्के होता. प्रॉडक्ट ३,६४,००,०००, त्याला ३ ने गुणून ३६५०० ने भागल्यावर २,९९१.७८, म्हणजे २,९९२ रुपये. दुसऱ्या तिमाहीत ९२ दिवस, शिल्लक ४,०२,९९२, दर तोच, व्याज ३,०४७. अशा पहिल्या सहा तिमाही, म्हणजे सप्टेंबर २०२३ पर्यंतच्या, पासबुकातल्या नोंदींशी रुपयालाही न चुकता जुळल्या. तोवर शिल्लक ४,२१,४८३ झाली होती.

सातवी तिमाही जरा जवळून पाहू, कारण तक्रारीचे मूळ तिथेच आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून दर ४.५० टक्के झाला, हा तीन वर्षांतला सर्वांत वरचा दर. १ ते ९ ऑक्टोबर हे नऊ दिवस शिल्लक ४,२१,४८३ होती, त्यांचे प्रॉडक्ट ३७,९३,३४७. दहा तारखेला दीड लाख निघाले, त्यामुळे त्या दिवसअखेरची शिल्लक २,७१,४८३ उरली आणि ती ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे ८३ दिवस, तशीच राहिली, त्यांचे प्रॉडक्ट २,२५,३३,०८९. दोन्ही मिळून २,६३,२६,४३६. याला ४.५० ने गुणून ३६५०० ने भागले की ३,२४५.७२ येतात, आणि पासबुकात ३,२४६ आहेत.

उलट दिशेनेही पाहता येते, आणि पडताळणीसाठी मला ही उलटी वाट अधिक आवडते. जमा झालेले व्याज ३६५०० ने गुणून प्रॉडक्टने भागले की बँकेने प्रत्यक्षात कोणता दर लावला ते उघड होते. ३,२४६ ला ही क्रिया केली तर ४.५० येतात, रुपया पूर्ण केल्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दशांशात फरक पडतो तेवढाच. वहिनींची शंका ज्या चुकीची होती ती खरोखर झाली असती, म्हणजे नवा दर यंत्रणेत चढवायचा राहून गेला असता आणि जुन्या ४ टक्क्यांनीच तिमाही निघाली असती, तर व्याज २,८८५ आले असते आणि उलटा दर बरोबर ४.०० दाखवला असता. दर महिनाभर उशिरा, १ नोव्हेंबरपासून, चढवला गेला असता तर व्याज ३,११२ आणि उलटा दर ४.३१ आला असता. फलकावर कधीच न लागलेला असा मधलाच दर निघणे ही चुकीची सर्वांत चांगली खूण आहे, मात्र त्या तिमाहीच्या पोटातच दर बदलला असेल तर मधला दर येणे बरोबरच असते आणि मग दोन प्रॉडक्ट वेगळी काढावी लागतात. या बँकेत दर तिमाहीच्या पहिल्याच दिवशी बदलतो, ही खातेदाराच्या दृष्टीने मोठी सोय आहे.

बाराही तिमाहींचे उलटे दर काढले. ते फलकावरच्या दरांशी जुळले. अर्धवर्षांप्रमाणे खात्याचा प्रवास असा दिसतो:

| अर्धवर्ष | दर (टक्के) | जमा व्याज (रुपये) | अखेरची शिल्लक (रुपये) |
|---|---|---|---|
| एप्रिल ते सप्टेंबर २०२२ | ३.०० | ६,०३९ | ४,०६,०३९ |
| ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२३ | ३.५० | ७,११७ | ४,१३,१५६ |
| एप्रिल ते सप्टेंबर २०२३ | ४.०० | ८,३२७ | ४,२१,४८३ |
| ऑक्टोबर २०२३ ते मार्च २०२४ | ४.५० | ६,३२८ | २,७७,८११ |
| एप्रिल ते सप्टेंबर २०२४ | ४.०० | ५,५९९ | २,८३,४१० |
| ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ | ३.५० | ७,४६६ | ४,४०,८७६ |

म्हणजे बँकेची चूक नव्हती. पण एवढे सांगून वहिनींना परत पाठवणे मला बरे वाटले नाही, कारण मुलाचा हिशेबही पाहणाऱ्याला बरोबर वाटेल असाच होता, आणि ८९३ रुपये नेमके कुठे गेले हे दाखवल्याशिवाय त्याचे समाधान होणार नव्हते. संध्याकाळी तोही आला. "काका, सरासरी धरली हेच चुकले का?" असे त्याने विचारले तेव्हा मी त्याला आधी दीड लाख काढलेच नाहीत असे समजून हिशेब करायला लावला.

रक्कम हलली नसती तर बाराव्या तिमाहीअखेर प्रत्यक्ष शिल्लक ४,४७,४४१ रुपये झाली असती. त्याच्या सरासरीच्या रीतीने ४,४७,३९४ येतात. फरक अवघा ४७ रुपयांचा, आणि तोही सरासरीला उलट जाणारा, कारण प्रत्यक्षात जास्त मिळाले असते. या ४७ रुपयांचेही कारण सापडते: २०२४ हे लीप वर्ष होते आणि २९ फेब्रुवारीचा जादा दिवस ४.५० टक्क्यांच्या अर्धवर्षात पडला, त्या एका दिवसाचे व्याज सुमारे ५३ रुपये होते. ही बँक लीप वर्षातही भाजक ३६५ च धरते, काही बँका त्या वर्षी ३६६ धरतात. तसे धरले असते तर त्या तिमाहीचे व्याज तेरा रुपयांनी कमी आले असते. पासबुक तपासताना आपली बँक यांपैकी काय करते हे आधी विचारून घ्यावे, नाहीतर फेब्रुवारीच्या तिमाहीत दर चार वर्षांनी एक भूत दिसत राहते.

सरासरी इथे इतकी चांगली का लागू पडते? मुद्दल हलत नसेल तर प्रत्येक तिमाहीत शिल्लक एका ठरावीक गुणकाने वाढते, पहिल्या तिमाहीत १.००७४८ पट, सातवीत १.०११३४ पट, आणि शेवटची शिल्लक म्हणजे ४,००,००० ला या बाराही गुणकांनी गुणून आलेले उत्तर. गुणाकारात क्रम कुठलाही घेतला तरी उत्तर बदलत नाही. हे मुलाला पटवण्यासाठी सहाही दर उलट्या क्रमाने घालून पाहिले, म्हणजे सुरुवात ३.५० ने आणि शेवट ३.०० ने. शेवटची शिल्लक रुपया पूर्ण करण्यातल्या किरकोळ फरकाखेरीज तीच आली. पुष्कळ लोकांना वाटते की वरचा दर शेवटी आला तर तो साठलेल्या जास्त शिलकीवर मिळतो, म्हणून फायदा अधिक. पण सुरुवातीला वरचा दर मिळाला तर पुढची सगळी वर्षे वाढीव शिलकीवरच व्याज चढते, आणि या दोन गोष्टी एकमेकींना नेमक्या फेडतात. न हलणाऱ्या खात्यात दर केव्हा वर होता याला महत्त्व नाही, किती दिवस किती होता एवढेच मोजले जाते. तीन वर्षांत इथे ४७,४४१ रुपये व्याज झाले असते, त्यातले साधे व्याज धरले तर ४५,०४७ आणि उरलेले व्याजावरचे व्याज. वर्षाला वाढीचा वेग ३.८१ टक्के पडला असता.

रक्कम हलली की मात्र ही सममिती मोडते, कारण काढलेली किंवा भरलेली रक्कम तिच्या पुढच्या गुणकांनीच वाढते, मागच्यांनी नाही. आता प्रत्येक दराच्या वाट्याला किती रुपये आणि किती दिवस आले हे महत्त्वाचे ठरते. वहिनींचे दीड लाख ३६६ दिवस बाहेर होते. त्यांतले १७४ दिवस, १० ऑक्टोबर २०२३ ते ३१ मार्च २०२४, दर ४.५० होता आणि त्या दिवसांचे बुडालेले व्याज ३,२१८ रुपये. पुढचे १८३ दिवस दर ४ टक्के होता, बुडाले ३,००८. शेवटचे नऊ दिवस ३.५० टक्के, बुडाले १२९. एकूण ६,३५५. मुलाने सरासरीने धरले होते ५,६२५, म्हणजे ७३० रुपयांची तफावत इथेच सापडली. दर चढलेला असताना पैसे बाहेर होते आणि दर उतरल्यावर परत आले. जणू खात्यातला मोठा भाग नेमका सुगीच्या दिवसांत शेतावर नव्हता.

उरलेला हिशेब थोडक्यात. न मिळालेल्या ६,३५५ रुपयांवर पुढे जे व्याज चढले असते तेही गेले, ते २१० रुपये. ७३० आणि २१० मिळून ९४०, त्यातून मघाचे ४७ रुपये वजा, उरले ८९३. मुलाने तीनही आकडे स्वतः पुन्हा करून पाहिले आणि तेवढ्यावर तो गप्प झाला. वहिनींनी मात्र वेगळाच आकडा उचलला. खाते हललेच नसते तर ४,४७,४४१ आणि प्रत्यक्षात ४,४०,८७६, म्हणजे मुलीला वर्षभर दिलेल्या दीड लाखांची त्यांना पडलेली किंमत ६,५६५ रुपये. "तिला सांगू नका हं," असे त्या हसून म्हणाल्या.

हेच पैसे एक वर्ष आधी, १० ऑक्टोबर २०२२ ते ९ ऑक्टोबर २०२३ या काळात, बाहेर असते तर? तेव्हा १७३ दिवस ३.५० टक्के, १८३ दिवस ४ टक्के आणि नऊ दिवस ४.५० टक्के असा दर होता, आणि व्याजावरचे व्याज बाजूला ठेवले तर बुडालेले व्याज ५,६६३ रुपये भरते. तेच दीड लाख, तेच वर्षभर, आणि फरक ६९२ रुपयांचा. अर्थात पुढच्या अर्धवर्षाचा दर काय असेल हे पैसे काढताना कोणालाच ठाऊक नसते आणि मुलीचे घर दराच्या फलकाकडे बघून बांधले जात नाही. हा आकडा मागे वळून पाहण्यापुरताच आहे.

मुलाला हवा होता तसा एकच सरासरी दर काढायचा असेल तर तो दरांची नुसती बेरीज करून मिळत नाही. बाराही तिमाहींचे प्रॉडक्ट एकत्र केले तर या खात्यात ४०,३९,६७,४३८ भरतात आणि एकूण व्याज आहे ४०,८७६. उलट्या वाटेने दर काढला की ३.६९ टक्के येतो. फलकावरची सरासरी ३.७५ आणि खात्याची सरासरी ३.६९, आणि दोन्ही आपापल्या जागी खऱ्या आहेत: पहिली बँकेने किती दर दिला हे सांगते आणि दुसरी वहिनींच्या रुपयांना किती मिळाला हे सांगते. खात्यात सतत भर-काढ होत असेल, जसे पगाराच्या किंवा दुकानाच्या खात्यात होते, तर हा फरक किती पडेल हे प्रॉडक्ट काढल्याशिवाय सांगता येत नाही आणि कधी तो खातेदाराच्या बाजूनेही पडतो.

एक गोष्ट विचारायची राहिली होती, ती निघता निघता विचारली. पैसे काढायलाही दहा तारीख आणि भरायलाही दहाच, हे कसे? वहिनी म्हणाल्या, "आमचे हे सांगायचे, दहाच्या आत भरले की महिना मिळतो." ही सवय ज्या नियमातून आली तो नियम ३१ मार्च २०१० पर्यंत खरोखर होता. तेव्हा महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या काळातली सर्वांत कमी शिल्लक धरून महिन्याचे व्याज मिळत असे, म्हणून दहा तारखेला काउंटरवर भरणा करणाऱ्यांची रांग लागे आणि अकरा तारखेला भरलेल्या लाखाला त्या महिन्यात दमडी मिळत नसे. त्या नियमाने ऑक्टोबर २०२४ मध्ये वहिनींचे दीड लाख पूर्ण महिन्यासाठी धरले गेले असते, नऊ दिवसांचे १२९ रुपये वाचले असते. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये दहा तारखेलाच रक्कम काढल्यामुळे पहिले नऊ दिवस खात्यात असलेल्या दीड लाखांवर काहीच मिळाले नसते, आणि तेव्हाच्या ४.५० टक्क्यांनी ते १६६ रुपये होतात. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकीवर व्याज मोजले जाऊ लागल्यावर दहा तारखेचा महिमा संपला. पण घरात मागून आलेली सवय अजून टिकून आहे आणि ती मोडायला सांगण्याचे मला कारण दिसले नाही.

कराचा भाग शिलकीला स्पर्श करत नाही, कारण बचत खात्याच्या व्याजातून बँक कर कापत नाही. पण तीनही आर्थिक वर्षांचे व्याज अनुक्रमे १३,१५६, १४,६५५ आणि १३,०६५ रुपये आहे. वहिनी साठीच्या आतल्या आहेत आणि जुन्या करपद्धतीने विवरणपत्र भरतात, त्यामुळे या तीन वर्षांसाठी प्राप्तिकर कायद्याच्या तेव्हाच्या कलम ८०टीटीए खाली वर्षाला दहा हजारांपर्यंतची वजावट मिळत होती आणि वरची रक्कम उत्पन्नात दाखवावी लागत होती. मुलाने ती दाखवली होती, मात्र व्याज सरासरीने काढून. त्यामुळे २०२३-२४ चा आकडा पासबुकाशी जुळत नव्हता. विवरणपत्रात आकडा पासबुकातलाच घालायचा असतो, अंदाजाचा नाही, एवढे त्याला सांगितले.

अर्ज वहिनींनी फाडला नाही. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मुलाने नवा तक्ता मांडला: तारीख, दिवसअखेरची शिल्लक, दिवस, प्रॉडक्ट, दर, व्याज. १ एप्रिल २०२५ पासून बँकेने ३.२५ टक्के दर लावला होता, म्हणून त्याने ४,४०,८७६ रुपये ९१ दिवस धरून जूनअखेरचे व्याज आधीच काढून ठेवले आणि तो आकडा पेन्सिलने लिहिला, ३,५७२. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पासबुक छापून आणल्यावर त्याने तो तक्ता मला दाखवला. ३० जूनच्या नोंदीत ३,५७२ रुपये जमा होते आणि पेन्सिलीच्या आकड्यावर त्याने पेन फिरवला होता.